सदूने उडी मारू नये

*मी गुहागर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे आणि दिवाळी अंकासाठी किशोरवयीन वाचकांकरिता एक साहसकथा लिहीत आहे. तिचा नायक सदू अठरा वर्षांचा असून हर्णैच्या एका ट्रॉलरवर प्रथमच खलाशी म्हणून गेला आहे. या सफरीत त्याला पहिले वादळ लागते, आणि होडीवरच्या माणसांशी तो किती एकनिष्ठ आहे याची कसोटी मला तिथेच घ्यायची आहे. माझ्या मसुद्यात तांडेल लाटेबरोबर समुद्रात पडतो आणि सदू उडी मारून त्याला वर आणतो. माझ्या वडिलांनी ते प्रकरण वाचले आणि "होडीवर गेलेल्या माणसाने हे लिहिलेले नाही" एवढेच म्हणून कागद परत दिले. ते खरेच आहे, कारण वादळ मी खिडकीतूनच पाहिले आहे. उडी काढून टाकली तर कसोटी कशाची घ्यावी, आणि वादळ खरे उतरावे यासाठी मला काय ठाऊक असायला हवे?*

*– एक शिक्षिका, गुहागर*

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांनी कागद परत देताना जे सांगितले नाही, ते आधी सांगतो. पंचेचाळीस-पन्नास फुटांच्या लाकडी होडीवरून माणूस पडला की तीन-चार मीटरच्या लाटांत त्याचे डोके काही क्षणांतच दिसेनासे होते, कारण होडी उंचवट्यावर असते तेव्हा तो खळग्यात असतो आणि तो वर येतो तेव्हा होडी खाली गेलेली असते. म्हणून अशा वेळी पहिला नियम असा असतो की ज्याने माणूस पडताना पाहिले त्याने त्याच्यावरची नजर काढायची नाही आणि हात त्याच दिशेला रोखून उभे राहायचे. बाकीच्यांनी दोर बांधलेला रिकामा कॅन किंवा जाळ्याचे बोये फेकायचे आणि सुकाणूवरच्या माणसाने होडी वळवायची. सदूने उडी मारली तर शोधायची माणसे दोन होतात, शोधणारे एकाने कमी होतात आणि होडी दुप्पट वेळ लाटांना आडवी राहते. होडीवर जुन्या असलेल्या कोणालाही ही उडी शौर्याची वाटणार नाही. ती उरलेल्या सर्वांचा जीव पणाला लावणारी वाटेल, आणि ते सदूला तसे तोंडावर सांगतीलही.

कसोटीकडे वळण्यापूर्वी वादळाचा दिवस नक्की करून घ्या, कारण ती कसोटी वाऱ्यातूनच यायची आहे. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ऐन पावसाळ्यातले वादळ ट्रॉलरवरच्या मुलाला भेटणार नाही. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे होतात, म्हणजे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. 11 नोव्हेंबर 2009 चे फयान आपल्या वडिलांच्या पिढीला आठवत असेल. 2017 च्या डिसेंबरातील ओखी आणि 2019 च्या ऑक्टोबरातील क्यार तर कालपरवाची वाटावीत इतकी जवळची आहेत. आपण ऑक्टोबरचा शेवट घ्या. होड्या बाहेर असतात, मासळी चांगली लागत असते, आणि घेतलेली उचल फेडून चार पैसे गाठीला बांधण्याचे ते दिवस असतात. वादळाला नाव देऊ नका. होडीवरचा माणूस त्याला त्या वेळी नावाने ओळखत नाही.

आता वारा. हे वादळ दक्षिणेकडून येऊन किनाऱ्याला समांतर, दूर समुद्रातून उत्तरेकडे जात आहे असे धरा. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून वादळ नैर्ऋत्येला असताना आपल्या होडीवर वारा आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने येतो. वादळ बरोबर पश्चिमेला आले की तो दक्षिणेचा होतो, आणि वादळ पुढे सरकले की नैर्ऋत्येचा होऊन किनाऱ्याकडे ढकलू लागतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर वादळाचे केंद्र डाव्या हाताला असते, ही खूण सदूला कोणीतरी सकाळी सहज सांगून ठेवावी आणि त्याने ती दिवसभर पुन्हा पुन्हा करून पाहावी. त्याची पाठ हळूहळू फिरत जाते आणि वादळ त्याच्या बाजूने वर चालले आहे हे त्याला कोणी न सांगता कळते.

वादळ येण्यापूर्वीच्या दोन खुणा पुरेत. एक म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारी लांब लाट. रोजच्या वाऱ्याच्या लाटा चार-सहा सेकंदांनी येतात, ही मात्र बारा-पंधरा सेकंदांनी येते, फुटत नाही, फक्त होडीला उचलते आणि सावकाश खाली ठेवते. वारा पडलेला असताना ती आली म्हणजे दूर कुठेतरी मोठे काही चालू आहे. दुसरी खूण अशी की ऑक्टोबरात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा यायला हवा, तो त्या दिवशी येत नाही आणि दुपारचे बारा वाजले तरी वारा जमिनीकडूनच येत राहतो. आकाश काळेकुट्ट करण्याची घाई करू नका. पहिल्या दुपारी ऊनही असू द्या.

होडी जयगडच्या पश्चिमेला वीस मैलांवर, पंचवीस वाव खोल पाण्यात आहे असे समजू. वायरलेसवर खबर आदल्या संध्याकाळीच आलेली असते आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्याचेही कळलेले असते. तरीही तांडेल सकाळी जाळ्याची आणखी एक ओढ घेतो. त्याला मूर्ख किंवा लोभी दाखवू नका. डिझेल आणि बर्फ यांचा खर्च अजून निघालेला नसतो, मालकाला तोंड दाखवायचे असते, आणि जमिनीकडून वारा असल्यामुळे पाणी अजून बरे असते. ट्रॉलची एक ओढ तीन तास घेते. ते तीन तास पुढे महागात पडतात. दुपारी होडी निघते तेव्हा खलाशांना हर्णैला, घरी जायचे असते. पण हर्णै तिथून तीस-पस्तीस मैल उत्तरेला आहे आणि वादळही उत्तरेकडेच चालले आहे, म्हणजे घराकडे जाणे म्हणजे वादळाला सोबत घेऊन जाणे. शिवाय हर्णैच्या होड्यांनी वादळात ज्या आंजर्ल्याच्या खाडीचा आसरा घ्यायचा, तिच्या मुखात गाळ आहे. भरतीची वेळ चुकली तर तिथेच होडी आपटायची. तांडेल जयगड म्हणतो. जयगडचे टोक दक्षिणेकडून पुढे आलेले आहे, त्यामुळे नैर्ऋत्येच्या वाऱ्यात त्या टोकाच्या मागे पाणी शांत असते.

एरवी हे वीस मैल तीन तासांचे. त्या दिवशी आठ तास लागतात, आणि त्या आठ तासांचे तीन भाग वाराच पाडून देतो. आधी लाट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर येते, होडी आपटत, दोन-अडीच मैलांच्या गतीने पुढे सरकते. चारच्या सुमारास वारा दक्षिणेचा होतो आणि लाट कुशीवर येते. हा सर्वांत वाईट भाग, कारण होडी आता आडवी लोळते. अंधार पडल्यावर वारा नैर्ऋत्येचा होतो आणि लाट मागून ढकलू लागते. मधल्या भागात, सूर्य मावळण्याच्या आगेमागे, आपली कसोटी घाला.

त्यासाठी होडीवरची माणसे थोडी जवळून पाहावी लागतील. तांडेल, ड्रायव्हर आणि चार खलाशी, असे सहा जण पुरे. ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. सुकाणू तांडेलाच्या हाती असते. खलाशांपैकी एक नेपाळहून आलेला असू द्या, कारण आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील होड्यांवर तो नसेल तर चित्र खोटे ठरेल. मात्र त्याला नुसते 'बहादूर' म्हणून सोडू नका, त्याला नीट नाव द्या, आणि तो सदूपेक्षा पाच हंगाम जुना आहे हे त्याच्या हातांतून दाखवा. सदू त्याला दादा म्हणेल आणि तांडेलाला काका. उचलीचा उल्लेख जरूर करा. हंगामाच्या सुरुवातीला मालक खलाशाला आगाऊ रक्कम देतो आणि ती कामातून फिटते. त्यामुळे खलाशी होडीवर टिकून राहिला यात निष्ठा किती आणि उचल किती, हा प्रश्न बंदरावर नेहमीच उघडा असतो. वादळात उचलीचा हिशोब कोणाच्या डोक्यात नसतो. तिथे जे उरते ते पाहण्यासाठीच तर आपण ही कथा लिहीत आहात.

सकाळची शेवटची ओढ वर आल्यावर मासळी खणात बर्फात भरली जाते. खणाचे तोंड साधारण दोन फूट लांब-रुंद असते. त्यावर लाकडी झाकण, झाकणावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवरून दोर फिरवून चारही बाजूंना गाठ. हे काम सदूकडे येते. त्या वेळी ती लांब लाट सुरू झालेली असते आणि सदूला उलट्या होत असतात. तो झाकण बसवतो, ताडपत्री टाकतो, तीन बाजू बांधतो, चौथ्या बाजूला पोटात ढवळून येते म्हणून कठड्याकडे धावतो, आणि परत आल्यावर दुसरे काम अंगावर पडते. नेपाळी दादा दुरून विचारतो, "बांधलेस?" सदू मान हलवतो. दादा तांडेलाला सांगतो की खण बांधला. एक हललेली मान आणि तिच्यावर विश्वासून दिलेला एक निरोप, एवढेच. त्या घटकेला त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही.

पाचच्या सुमारास होडी जड होते. हे लिहिताना पाण्याचे लोंढे दाखवू नका, होडीचे उठणे दाखवा. हलकी होडी कुशीवर कलली की झटकन उभी राहते. पोटात पाणी आले की ती कलते, तिथे क्षणभर थांबते, विचार केल्यासारखी सावकाश उठते, आणि दर वेळी तो थांबा किंचित वाढतो. याचे कारण असे की आतले सुटे पाणी ज्या बाजूला होडी कलते त्याच बाजूला धावते आणि तिला उठू देत नाही. तांडेलाला हे पायांतून कळते. तो ड्रायव्हरला आवाज देतो आणि ड्रायव्हर फळी उचलून इंजिनाखाली पाहतो, तर पाणी हातभर चढलेले असते आणि पंप चालू असूनही उतरत नसते.

पाणी किती येत असेल, याचा हिशोब करून बघा. डेकवर चार बोटे पाणी चढवणारी लाट आली आणि सुटलेल्या बाजूने तीस लिटर पाणी खणात गेले, असे मिनिटाला दोनदा झाले, तरी तासाला साडेतीन टन होतात. वितळलेल्या बर्फाचे पाणी खणातून होडीच्या तळाला उतरावे यासाठी वाट ठेवलेलीच असते, त्याच वाटेने हेही पाणी इंजिनाखाली येते. एवढे पाणी चांगला पंप उपसू शकेल. पण त्याच्या तोंडाची जाळी मासळीचे खवले आणि बर्फाच्या गोणीचे धागे अडकून गुदमरलेली असते.

आता गफलत. गेल्या आठवड्यात बंदरावर पंख्याच्या दांड्याच्या ग्लँडचे पॅकिंग बदललेले असते, म्हणजे जिथे दांडा होडीच्या बुडातून बाहेर जातो ती जागा. नव्या कामावर सर्वांचा संशय आधी जातो. ड्रायव्हर म्हणतो, ग्लँड गळते आहे, मला ती आवळावी लागेल, पाच मिनिटे इंजिन न्यूट्रलला घ्या. पाच मिनिटे पंखा फिरला नाही की सुकाणूला पाणी लागत नाही, नाळ पडते आणि आधीच कुशीवर लाटा घेणारी जड होडी पूर्ण आडवी होते. तांडेल हे जाणतो, तरी दुसरा उपाय दिसत नसल्यामुळे तो होकार देण्याच्या बेतात असतो.

सदूला ड्रायव्हरच्या हाताखाली पंपाची जाळी साफ करायला खाली उतरवलेले आहे. इंजिनाची धडधड, डिझेलचा वास, पिवळा दिवा, आणि तो पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत आहे. कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तपशील इथे आहे: त्या पाण्याला गारवा आहे. ऑक्टोबरात समुद्राचे पाणी अठ्ठावीस-एकोणतीस अंशांचे, अंगाला कोमट लागणारे असते, आणि ग्लँडमधून येणारे पाणी तसेच कोमट असायला हवे. हे पाणी मात्र रांजणातल्यासारखे गार आहे आणि बोटांना खवले लागत आहेत. म्हणजे ते बर्फावरून आलेले आहे. म्हणजे ते खणातून आलेले आहे. सदूला चौथी बाजू आठवते.

त्याने बोलावे की नाही, हीच कसोटी ठेवा, आणि ती सोपी होऊ देऊ नका. बोलला तर पहिल्याच सफरीत सर्वांसमोर त्याचे नाव जाणार. त्याहून अवघड गोष्ट अशी की 'बांधला' हा निरोप दादाने दिलेला आहे. सदूने तोंड उघडले की दादाही खोटा ठरतो, आणि याच दादाने सकाळी त्याचे तोंड धुवायला पाणी ओतलेले आहे, त्याच्या वाटणीची मासळी निवडलेली आहे. म्हणजे एका माणसाशी इमान राखायचे तर गप्प राहावे लागते, आणि सहा जणांशी राखायचे तर त्या एका माणसाला उघडे पाडावे लागते. शिवाय एक पळवाट शिल्लक ठेवा: सदू वर जाऊन गुपचूप गाठ बांधू शकतो, कोणाला काही न सांगता. वाचकाला क्षणभर तोच मार्ग योग्य वाटू द्या. मग सदूच्या लक्षात येते की तो वर पोहोचेपर्यंत इंजिन न्यूट्रलला गेलेले असेल, आणि आडव्या होडीच्या उघड्या डेकवर त्याला एकट्याला ती गाठ बांधता येणार नाही. एकाने झाकण अंगाखाली दाबून धरावे लागते आणि तांडेलाने तेवढ्यापुरती नाळ लाटेवर आणावी लागते. म्हणून ती चूक सांगितल्याशिवाय दुरुस्त होण्यासारखी नाही. ही अट कथेत नीट बसवा, नाहीतर हुशार वाचक विचारील की त्याने सरळ जाऊन बांधले का नाही.

तो जे बोलेल ते एकाच वाक्याचे असू द्या. "ग्लँड नाही, खण आहे, चौथी बाजू मी बांधली नाही." माफी नको, कारण नको, रडणे नको, इंजिनाच्या आवाजात तेवढेच पोहोचते आणि तेही दोनदा ओरडावे लागते. आपल्या मसुद्यात तांडेल वादळात परिच्छेदभर बोलत असेल अशी मला शंका आहे. तसे असल्यास ते सर्व काढा. वादळात हाताच्या खुणा, शिवी आणि नाव एवढेच बोलणे असते.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. सतराव्या वर्षी मी दोन हंगाम होडीवर होतो, आणि खणाची ताडपत्री अर्धवट बांधणारा मुलगा मीच होतो. आमचे वादळ चक्रीवादळ नव्हते, मे अखेरचा एक सोसाट्याचा झोत होता आणि बंदर तासाभरावर होते. पाणी गार आहे हे मला कळले नाही, ड्रायव्हरला कळले. त्याने ओंजळीत पाणी घेतले, माझ्या गालाला लावले, आणि काहीही न विचारता वर गेला. मी बोललो नाही. नंतरही बोललो नाही. खण कोणी बांधला होता हे सहाही जणांना ठाऊक होते, आणि कोणी ते विचारले नाही, म्हणून ते बंदरापर्यंत आणि नंतर पूर्ण हंगामभर तसेच राहिले. एक बदल मात्र झाला: त्या दिवसापासून मी बांधलेली प्रत्येक गाठ दुसरा कोणीतरी येऊन पायाने दाबून पाहत असे. कोणी चिडून नव्हे, अगदी सहज. ओरडा खाल्ला असता तर तो आठवड्यात विसरलो असतो. ते पायाने दाबणे मला आजही आठवते. सदूने बोलावे असे मला वाटते त्याचे हे एक कारण आहे, हे मी लपवत नाही.

तो बोलल्यावर पुढचे काम जलद लिहा. तांडेल इंजिन चालूच ठेवतो आणि नाळ लाटेकडे वळवतो, त्यामुळे बंदर आणखी अर्धा तास लांबते. दादा आणि सदू कमरेला दोर बांधून रांगत खणापर्यंत जातात, दादा झाकणावर पालथा पडतो, सदू चौथी बाजू आवळतो. दादाने त्याच्याकडे पाहू नये. बोटे बधीर झालेली असताना ओला दोर आवळणे हे साऱ्या वादळातले सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड काम आहे. त्याला एक पूर्ण परिच्छेद द्या. त्यानंतर दोघांनी मिळून तासभर जाळी साफ करत राहायचे आहे, कारण आत आलेले पाणी आपोआप जात नाही. होडी हलकी झाल्याचे पुन्हा तिच्या उठण्यावरूनच कळू द्या.

जयगडचा दिवा दिसल्यावर वाचकाला सुटल्यासारखे वाटेल, पण तांडेलाला तसे वाटू देऊ नका. आता लाट मागून येते आहे. मागची लाट होडीइतक्याच वेगाने धावू लागली की सुकाणू पोकळ होते, आणि होडी तिरपी होऊन आडवी पडण्याची भीती तिथे पुन्हा उभी राहते. टोकाजवळ खडकांवर आपटून परत फिरणाऱ्या लाटांमुळे पाणी चहूबाजूंनी उकळल्यासारखे असते. जुने तांडेल अशा वेळी जाड दोराचा फास मागे सोडत, तो पाण्याला धरून ठेवतो आणि होडीची मागची बाजू सरळ राहते. हा दोर सोडायला तांडेल कोणाला पाठवतो, ते आपण ठरवा. मी असतो तर सदूचे नाव घेतले असते आणि त्या हाकेला कोणतेही विशेषण लावले नसते. टोक ओलांडले की दोन-तीन मिनिटांत पाणी शांत होते, इतके अचानक की सर्वांना इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखा वाटतो. तिथे आसऱ्याला आलेल्या दहा-वीस होड्यांचे दिवे असतील, त्यांत परराज्यांतल्याही असतील.

आपण आज घडणारी कथा लिहीत असाल तर वायरलेसवर तटरक्षक दलाला दिलेला संदेश असू द्या, किंवा होडीवर संकटसूचक यंत्र असेल तर त्याचे बटण दाबलेले असू द्या. आजचा तांडेल ते केल्यावाचून राहणार नाही, आणि त्या दलाचा मदतीचा 1554 हा क्रमांक किनाऱ्यावरच्या पोरांनाही पाठ आहे. त्याने कथेचा ताण कमी होत नाही. मदत निघाली तरी ती येईपर्यंतचे पाणी त्यांनाच उपसायचे असते.

शेवटाबद्दल आपण विचारलेले नाही, पण मसुद्यात तांडेल सदूला छातीशी धरत असेल तर ते बदला. नांगर पडतो, दादा स्टोव्ह पेटवून चहा टाकतो. दादाने सदूशी अजून एक शब्द बोललेला नाही. तो पाच कप भरतो, मग सहावा भरतो आणि तो न बोलता फळीवर सदूच्या बाजूला सरकवतो. तांडेल उठून खणाकडे जातो. चौथ्या बाजूच्या गाठीवर त्याने पाय ठेवून दाबून पाहावे की न पाहता पुढे जावे, हे मी आपल्यावर सोडतो. माझ्या बाबतीत काय झाले ते मी वर लिहिलेच आहे, आणि सदूच्या बाबतीत ते वेगळे व्हावे असे वाटले तर तेवढ्या एका पायाने ते सांगता येईल. तिथे कथा थांबवा आणि कागद पुन्हा वडिलांकडे द्या. त्यांना गार पाण्याचा परिच्छेद वाचून दाखवला तर बाकीचे ते स्वतःच दुरुस्त करतील, असा माझा अंदाज आहे.